बजाजनगरच्या टॉवरचा मेंदू शेंद्र्यात ठेवता येईल का? ओपन रॅनचं गणित समजून घ्या

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येते बजाज ऑटो. कंपनीच्या नावावरूनच शेजारच्या कामगार वसाहतीला बजाजनगर म्हणतात. पण याच एमआयडीसीत आणखी एक कारखाना आहे, ज्याचा माल तुम्ही रोज वापरता आणि पाहत मात्र कधीच नाही. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, म्हणजे एसटीएल. ही कंपनी काचेचा केसासारखा बारीक धागा, अर्थात ऑप्टिकल फायबर बनवते. त्यासाठी लागणारी काच शेंद्र्याच्या प्रकल्पात तयार होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये या फायबरवाल्या कंपनीने एक वेगळीच घोषणा केली. फेसबुकच्या कनेक्टिव्हिटी विभागासोबत मिळून ती मोबाईल टॉवरवरचे रेडिओ बनवणार होती. साधेसुधे नाही, तर ओपन रॅनचे रेडिओ. म्हणजे टॉवरवर वर लटकणारा डबा एसटीएलचा आणि त्याला चालवणारं सॉफ्टवेअर भलत्याच कंपनीचं.

दोन वर्षंही झाली नाहीत आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात एसटीएलने वायरलेसच्या धंद्यातून बाहेर पडायचं ठरवलं. कंपनी पुन्हा आपल्या फायबरकडे वळली.

आता एसटीएल काही एकटी नाही. ओपन रॅनच्या मागे धावलेल्या आणि दमलेल्या कंपन्यांची यादी जगभर आहे. तरीही मोबाईल ऑपरेटर या कल्पनेचा नाद सोडत नाहीत. असं काय आहे त्यात? त्यासाठी टॉवरवर नेमकं काय असतं, ते आधी बघू.

टॉवरवरचा डबा आणि टॉवरखालचा डबा

रॅन म्हणजे रेडिओ अॅक्सेस नेटवर्क. तुमचा फोन आणि मोबाईल कंपनीचं मुख्य नेटवर्क यांच्यामधला हवेतून जाणारा टप्पा. साध्या शब्दांत, टॉवर आणि त्यावरची सगळी यंत्रणा. मोबाईल कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च इथेच होतो, कारण टॉवर हजारोंनी लागतात.

साधारण टॉवरवर दोन मुख्य वस्तू असतात. वर अँटेनाजवळ रेडिओचा डबा. तो लहरी सोडतो आणि पकडतो. खाली कपाटात दुसरा डबा, ज्याला बेसबँड युनिट म्हणतात. कोणत्या फोनला कधी बोलू द्यायचं, चुकलेला डेटा पुन्हा कसा मागवायचा, संदेश कुलूपबंद कसा करायचा, हे सगळं डोकं या खालच्या डब्यात. दोघांमध्ये फायबर.

अडचण या फायबरवरून चालणाऱ्या भाषेत आहे. २००३ मध्ये काही बड्या उपकरण कंपन्यांनी मिळून त्यासाठी सीपीआरआय नावाची पद्धत ठरवली. कागदावर ती सगळ्यांची होती. पण तिच्यात बऱ्याच जागा मोकळ्या ठेवलेल्या होत्या आणि तिथे प्रत्येक कंपनीने आपापली खासगी बोली भरली. परिणाम असा की नोकियाचा खालचा डबा असेल तर वर रेडिओही नोकियाचाच लागतो. एरिक्सनचा असेल तर एरिक्सनचाच. एकदा शहरभर एका कंपनीचं सामान बसवलं की पुढची अनेक वर्षं सुटे भाग, सॉफ्टवेअर, दुरुस्ती, सगळं तिच्याकडूनच. भाव काय पडणार, ते वेगळं सांगायला नको.

ओपन रॅनचं म्हणणं एवढंच आहे की ही बोली उघडी करा. फेब्रुवारी २०१८ मध्ये एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉइचे टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या पाच ऑपरेटरांनी ओ-रॅन अलायन्स स्थापन केली, ती यासाठीच. हे सगळे विकत घेणारे आहेत, विकणारे नाहीत, हे लक्षात घ्या. गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन दुकानदारांना सांगितलं की नटाचा आटा आम्ही ठरवणार.

एका डब्याचे तीन तुकडे

फाइव्ह-जीमध्ये खालच्या डब्याचं काम दोन भागांत वाटलं गेलं. त्यामुळे एकूण तुकडे झाले तीन.

रेडिओ युनिट, म्हणजे आरयू, टॉवरवर राहतं. ते हलवता येत नाही, कारण अँटेना तिथेच आहे.

डिस्ट्रिब्युटेड युनिट, म्हणजे डीयू, घाईची कामं करतं. फाइव्ह-जीच्या आपल्याकडच्या मुख्य पट्ट्यात वेळेचे अर्ध्या मिलिसेकंदाचे तुकडे पाडलेले असतात. अशा प्रत्येक तुकड्यात कोणत्या फोनला किती जागा द्यायची, हे डीयू ठरवतं. फोनकडून आलेला डेटा फाटका निघाला तर लगेच पुन्हा मागवणं हेही त्याचंच काम.

सेंट्रल युनिट, म्हणजे सीयू, निवांत कामं करतं. कनेक्शन जोडणं, संदेश कुलूपबंद करणं, तुम्ही गाडीवरून एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलात तर कॉल न तोडता सोपवणं. एका सीयूखाली बरेच डीयू असू शकतात.

आरयू आणि डीयू यांच्यातल्या दुव्याला फ्रंटहॉल म्हणतात, डीयू आणि सीयू यांच्यातल्या दुव्याला मिडहॉल. मिडहॉलची भाषा थ्रीजीपीपी या जागतिक मानक संस्थेने ठरवली, तिचं नाव एफ-१. फ्रंटहॉलची उघडी भाषा मात्र ओ-रॅन अलायन्सने ठरवली. काम कुठे कापायचं याचे अनेक पर्याय चर्चेत होते. त्यातला निवडलेला काप ‘७.२ एक्स’ या रुक्ष नावाने ओळखला जातो.

हाच काप का? कारण डेटाचं ओझं. जुन्या पद्धतीत रेडिओ प्रत्येक अँटेनाचा कच्चा सिग्नल खाली पाठवायचा. फाइव्ह-जीच्या ६४ अँटेनांच्या रेडिओला आणि १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला ही पद्धत लावली तर सेकंदाला सुमारे २३६ गिगाबिट डेटा फायबरवर ओतावा लागतो. एका सेक्टरसाठी! टॉवरला सहसा तीन सेक्टर असतात. ७.२ एक्समध्ये प्राथमिक गणित रेडिओतच उरकलं जातं आणि अँटेनांच्या संख्येऐवजी एका वेळी चालणाऱ्या डेटाच्या प्रवाहांची संख्या मोजली जाते. आठ प्रवाह धरले आणि नेहमीचं कॉम्प्रेशन लावलं तर हेच ओझं १३ गिगाबिटच्या आसपास येतं. ते २५ गिगाबिटच्या साध्या इथरनेट जोडणीत आरामात बसतं.

आता बजाजनगरचा हिशेब

ऑपरेटरला ओपन रॅनचं जे आमिष दाखवलं जातं, त्यातला एक मोठा भाग असा: प्रत्येक टॉवरखाली वेगळा डबा कशाला? सगळ्यांचे डीयू एका खोलीत साध्या सर्व्हरवर चालवा.

वाळूज भागासाठी ही कल्पना कागदावर सुंदर दिसते. दिवसा आणि शिफ्टच्या वेळी गर्दी एमआयडीसीतल्या टॉवरवर. संध्याकाळनंतर तीच माणसं बजाजनगरात घरी येऊन रील बघत बसणार, म्हणजे ओझं तिकडे. आणि आषाढी एकादशीला जवळच्या छोट्या पंढरपुरात दर्शनाला लोटणारी गर्दी, म्हणजे त्या एका दिवशी तिसऱ्याच टॉवरवर ताण. आज प्रत्येक टॉवरचा डबा त्याच्या सगळ्यात गर्दीच्या तासाच्या मापाचा घ्यावा लागतो आणि उरलेला वेळ तो रिकामा बसतो. एका खोलीत सर्व्हर असले तर माणसं जिकडे जातील तिकडे ताकद वळवता येते.

मग ही खोली कुठे ठेवायची? इथे भौतिकशास्त्र आडवं येतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. फ्रंटहॉलसाठी एका बाजूने साधारण १०० मायक्रोसेकंदांची मुभा धरली जाते. १०० ला ५ ने भागा. उत्तर येतं २० किलोमीटर. तेही वाटेत दुसरं काहीच नसेल तर.

समजा खोली शहरात क्रांती चौकाजवळ आहे. रस्त्याने अंतर बारा-तेरा किलोमीटर धरू. पण फायबर रस्त्यासारखी सरळ जात नाही. ती वळसे घेते, चेंबरमध्ये वेटोळी ठेवलेली असते. म्हणून १७ किलोमीटर धरू. झाले ८५ मायक्रोसेकंद. उरले १५. त्यात वाटेतले एक-दोन स्विच बसतील. जमलं, पण काठावर.

आता तीच खोली शेंद्रा एमआयडीसीत ठेवू, जिथे जागा भरपूर आहे. वाळूज शहराच्या पश्चिमेला, शेंद्रा पूर्वेला. फायबरची वाट ३५ किलोमीटर धरली तर १७५ मायक्रोसेकंद. नाही जमत. कितीही महाग सर्व्हर घेतला तरी नाही, कारण उशीर सर्व्हरमध्ये नाहीच, तो काचेत आहे.

सीयूची गोष्ट वेगळी. त्याच्या कामाला काही मिलिसेकंदांचा उशीर चालतो. पुणे रस्त्याने सुमारे २३० किलोमीटर. प्रकाशाला लागतात साधारण १.१५ मिलिसेकंद. म्हणजे बजाजनगरच्या टॉवरचा सीयू खुशाल पुण्यात ठेवा, फोनला पत्ताही लागणार नाही. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं: सीयू शेंद्र्यात ठेवता येतो, डीयू नाही.

जेसीबी आणि RX_LATE

२० किलोमीटरची अट फक्त नकाशावर पाळून भागत नाही. प्रत्यक्षात फसतं ते असं.

शहरातली फायबर बहुतेक वेळा रिंगमध्ये टाकलेली असते. एका ठिकाणी जेसीबीने तोडली तर डेटा उलट्या बाजूने फिरून पोहोचतो. साध्या इंटरनेटला याचा काही फरक पडत नाही. पण फ्रंटहॉल त्या रिंगवर असेल आणि उलटी वाट १७ ऐवजी ४० किलोमीटरची असेल, तर फायबर जिवंत, दिवे हिरवे आणि टॉवर मात्र आजारी. कारण प्रत्येक पाकीट उशिरा येतंय.

रेडिओ उशिरा आलेल्या पाकिटासाठी थांबत नाही. थांबूच शकत नाही, कारण त्याला सेकंदाला २८ हजार वेळा हवेत काहीतरी सोडायचं असतं आणि प्रत्येक वेळेची खिडकी ठरलेली असते. खिडकी बंद झाल्यावर आलेलं पाकीट तो सरळ टाकून देतो. असा उशीर अधूनमधूनच होत असेल, तर ग्राहकाच्या फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र फिरत राहतो. तक्रार येते, ‘रेंज आहे पण नेट नाही’.

हे ओळखायची खूण ओ-रॅनच्या मानकातच दिलेली आहे. रेडिओ तीन आकडे मोजत असतो: RX_ON_TIME, RX_EARLY आणि RX_LATE. वेळेवर आलेली, लवकर आलेली आणि उशिरा आलेली पाकिटं. RX_LATE चा आकडा चढायला लागला की अँटेनाकडे बघत बसण्यात अर्थ नाही. वाट लांबली आहे किंवा घड्याळ सरकलं आहे.

घड्याळावरून आठवलं. भारतातल्या ३.३ गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच वारंवारितेवर आळीपाळीने बोलतात. म्हणून शेजारच्या सगळ्या टॉवरची घड्याळं खऱ्या वेळेच्या दीड मायक्रोसेकंद मागेपुढे, एवढ्यात राहावी लागतात. नाहीतर एक बोलत असताना दुसऱ्याची ऐकायची वेळ असते आणि त्याच्या कानात फक्त शेजाऱ्याचा आवाज घुमतो. ही वेळ जीपीएसवरून किंवा फायबरवरून येते. पूर्वी रेडिओ आणि डबा एकाच कंपनीचे असल्याने ही जबाबदारी तिची होती. आता रेडिओ एकाचा, स्विच दुसऱ्याचा, सर्व्हर तिसऱ्याचा आणि सॉफ्टवेअर चौथ्याचं. चौघेही म्हणणार, ‘आमचं बरोबर आहे, त्यांचं बघा.’

मग ऑपरेटर नेमकं काय करतात?

बजाजनगरच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. तीन सेक्टरचे मिळून जवळपास ४० गिगाबिट प्रत्येक टॉवरपासून खोलीपर्यंत न्यायचे तर प्रत्येक टॉवरला चांगली फायबर हवी. देशातल्या बऱ्याच टॉवरपर्यंत अजून फायबर पोहोचलेलीच नाही. ते मायक्रोवेव्हच्या गोल तबकडीने जोडलेले आहेत आणि तिच्याकडून असं ओझं उचललं जात नाही. सर्व्हरवर वाचवलेले पैसे खोदकामात घालवायचे, तर हिशेब जुळत नाही.

त्यामुळे अनेक ठिकाणी मधला मार्ग निघतो. डीयू टॉवरखालीच, जुन्या डब्याच्या जागी. फक्त सीयू दूर डेटा सेंटरमध्ये. असं केलं तर टॉवरपासून पुढे फक्त ग्राहकांचा खरा डेटा जातो, म्हणजे काही गिगाबिट. यात ताकद वाटून घेण्याचा फायदा बराचसा हातातून जातो. मला विचाराल तर ओपन रॅनच्या जाहिरातीत सगळ्यात आधी खोडावं असं वाक्य हेच. उरतो तो दुसरा फायदा, वेगवेगळ्या कंपन्यांकडून सामान घ्यायची मोकळीक. तो फायदा खरा आहे, पण त्यालाही किंमत आहे.

जगातली उदाहरणं बघा. जपानमध्ये राकुतेनने एप्रिल २०२० मध्ये अगदी नव्याने असं नेटवर्क सुरू केलं आणि ते चाललं. पण त्यांच्याकडे जुनं काही सांभाळायचं नव्हतं आणि सगळे तुकडे जुळवायला त्यांनी स्वतःची फौज उभी केली. अमेरिकेत डिश कंपनीनेही कोऱ्या पाटीवर ओपन रॅन उभारलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या मालक कंपनीने, एकोस्टारने, स्पेक्ट्रमचा मोठा हिस्सा एटी अँड टीला विकायचा करार केला. तंत्र चाललं, धंदा नाही चालला.

आणि ओ-रॅन अलायन्सच्या संस्थापकांपैकी एक असलेली एटी अँड टी? तिने डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांत सुमारे १४ अब्ज डॉलर खर्चाचा ओपन रॅन करार जाहीर केला. मुख्य पुरवठादार कोण, तर एरिक्सन. एका कंपनीच्या जाळ्यातून सुटायला काढलेली वाट पुन्हा एका मोठ्या कंपनीच्या दारात गेली, अशी टीका तेव्हा झाली. पण त्यात फरक आहे. त्याच घोषणेत फुजित्सूसारख्या इतर कंपन्यांचे रेडिओ जोडण्याचाही विषय होता. दार उघडं असणं आणि त्यातून कुणी बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव ठरवताना मात्र उघडं दारही कामाला येतं. विकणाऱ्याला माहीत असतं की पुढचे हजार रेडिओ हा दुसऱ्याकडून घेऊ शकतो.

छोट्या कंपन्यांचं मरण इथेच होतं. एसटीएलसारख्या नव्या खेळाडूला ऑर्डर मिळायच्या आधी आपला रेडिओ चार-पाच जणांच्या डीयूशी जुळतो, हे सिद्ध करावं लागतं. मानक एकच असलं तरी त्यात पर्याय भरपूर असतात. कॉम्प्रेशन कोणतं, किती बिटचं, वेळेच्या खिडक्या किती रुंद. प्रत्येक जोडीसाठी चाचणी वेगळी, प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती पुन्हा. मोठी कंपनी हा खर्च हजारो टॉवरवर वाटते. नवीन कंपनी तो आधी खिशातून भरते आणि ऑर्डरची वाट बघत बसते.

भारतात एअरटेल आणि जिओ दोघांनीही ओपन रॅनमध्ये रस दाखवलेला आहे. पण ऑक्टोबर २०२२ पासून देशात फाइव्ह-जीची घाई सुरू झाली तेव्हा ऑर्डरचा मोठा वाटा एरिक्सन, नोकिया आणि सॅमसंग यांच्याकडेच गेला. काही महिन्यांत हजारो टॉवर उभे करायचे असताना चार कंपन्यांची भांडणं सोडवायला वेळ कुणाकडे असतो? सप्टेंबर २०२४ मध्ये व्होडाफोन आयडियाने तीन वर्षांसाठी सुमारे ३० हजार कोटी रुपयांचं सामान घ्यायचे करार केले, तेही याच तिघांशी. त्यातली सॅमसंग मात्र डीयू आणि सीयू साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवण्याचा पर्याय जगभर विकते आहे. म्हणजे खालचा डबा सॉफ्टवेअर झाला, पण बोर्डवरचं नाव एकाच कंपनीचं राहिलं.

बजाजनगरच्या टॉवरखालून जाताना यातलं काहीच दिसत नाही. वरचा रेडिओ बंद बोलीचा आहे की उघड्या, हे खालून बघून कळत नाही. त्याला जोडणारी फायबर मात्र दोन्हींना लागतेच, आणि ओपन रॅनमध्ये तर जरा जास्तच.